माप बरोबर, पण काठ चुकीचा

वाचकाचं पत्र

नमस्कार भाऊ. मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. कापसाचे पैसे आले की त्यातले थोडे शेअरमधी टाकतो. एक शेअर ४१२ वरून पडत होता. मधात ३४५ वर थांबला, तिथून तीन आठवड्यांत २३६ वर गेला अन् चार आठवड्यांत परत ३४० ला आला. मंग सात दिवस ३२९ ते ३४१ च्या मधात हळूहळू वर सरकत राह्यला. निफ्टीही तेव्हा तळातून आठ टक्के वर आला होता. मले वाटलं चार्टवर कप अँड हँडलचा आकार झाला. खोली बत्तीस टक्के, वेळ सात आठवडे, दोन्ही नियमात बसत होतं. ठरवलेला भाव आला की आपोआप खरेदी करणारी जीटीटी ऑर्डर लावून ठेवली होती, ती सकाळीच ३४३ ला लागली. शंभर शेअर आले. त्या दिवशी ३४९ दाखवून ३३९ ला बंद झाला अन् सहा दिवसांत २९८. माहं काय चुकलं? खोली अन् वेळ नेमकी किती पाह्यजे? अन् आता ३४३ यायची वाट पाहू काय?

उत्तर

भाऊ, तुमचा गुणाकार-भागाकार कुठंही चुकलेला नाही. चुकली ती फूटपट्टी ठेवायची जागा. शेअर पडून परत जुन्या भावाजवळ आला की चार्टवर वाटीसारखा आकार दिसतो तो कप, आणि उजव्या काठाशी येणारी लहानशी घसरण म्हणजे हँडल. कपाचा डावा काठ म्हणजे शेअर चढत चढत जिथं थांबला ते टोक. ३४५ हे टोक नव्हतंच. ४१२ वरून खाली येताना शेअरनं तिथं दम घेतला होता. मोजणी ४१२ पासून केली की २३६ पर्यंतची घसरण १७६ रुपयांची, म्हणजे ४३ टक्के निघते. बत्तीस टक्क्यांचा कप तिथंच नाहीसा होतो आणि उरते ती एका मोठ्या उताराच्या पोटातली उसळी.

काठाचा एवढा आग्रह धरण्याचं कारण असं, की कप ही चढाच्या मधली विश्रांती असते. शेअर आधी निदान ३० टक्के वर गेलेला असावा लागतो, तेही काही महिन्यांत, वाढत्या व्हॉल्यूमसह. मग नफा घेणारे बाहेर पडतात, शेअर खाली येतो, थकतो, आणि नवे घेणारे त्याला परत जुन्या भावापर्यंत नेतात. आधीची चढणच नसेल तर ती विश्रांती कसली? पडणाऱ्या शेअरच्या चार्टवर वाटीसारखे आकार दर दोन महिन्यांनी सापडतात. म्हणून यापुढे चार्ट उघडला की आधी आठवड्याचा उघडा, निदान दोन वर्षांचा, आणि डावा काठ तिथं ठरवा. रोजच्या चार्टवर तीन महिनेच दिसत असतील तर ४१२ पडद्याबाहेर राहतो आणि ३४५ हेच शिखर वाटतं. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालं असावं.

आता ४१२ आणि ३४५ च्या मधल्या जागेचा विचार करा. २०२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात भाव उतरला, तरी आपल्याकडं घरोघरी कापूस रचून ठेवला होता, कारण प्रत्येकाच्या डोक्यात गेल्या वर्षीचा आकडा बसला होता. भाव थोडा चढला की दहा बंड्या जिनिंगकडं निघायच्या आणि भाव पुन्हा दबायचा. शेअरमध्येही अगदी असंच होतं. ३४५ ते ४१२ च्या दरम्यान ज्यांनी घेतला ते सगळे तोट्यात बसले आहेत, आणि आपले पैसे तेवढे निघाले की सुटलो, या वाटेवर आहेत. तुम्ही ३४३ ला घेतला तेव्हा तुमच्या डोक्यावर त्यांचा माल रचलेला होता. खऱ्या कपात मात्र हँडल जुन्या शिखराच्या अगदी जवळ बनतं, त्यामुळं वर अडकलेला माल फार थोडा उरतो. हँडलचं टोक ओलांडून वर निघाला, म्हणजे ब्रेकआउट झाला, की शेअर मोकळा पळतो तो यामुळंच.

खोलीकडं येऊ. हा आकार विल्यम ओ'नील या अमेरिकी गुंतवणूकदारानं नावारूपाला आणला आणि त्याचे आकडेही तिथल्या बाजाराचे जुने चार्ट पाहून ठरलेले आहेत. साधारण चांगल्या बाजारात कपाची खोली शिखरापासून १२ ते ३३ टक्के असावी. हे आकडे कुठून आले ते परतीच्या हिशेबातून कळतं. शेअर २० टक्के पडला तर जुन्या भावाला यायला २५ टक्के चढावं लागतं. ३३ टक्के पडला तर ५० टक्के, आणि अर्धा झाला तर दुप्पट व्हावं लागतं. शेअर तळातून दुप्पट होऊन काठाला येतो तेव्हा तळाला घेतलेल्यांच्या हातात मोठा नफा असतो आणि वर अडकलेल्यांच्या हातात सुटकेची संधी. दोघंही एकाच भावाला विकायला उभे असतात. त्यामुळं खोल कप काठाशी येऊन मोडायची शक्यता वाढते. खोली १२ टक्क्यांहून कमी असेल तर तो कप नव्हे, सपाट पट्टी म्हणा. तीही उपयोगी असते, पण तिचे नियम वेगळे.

३३ चा आकडा मात्र दगडावरची रेघ नाही. तो बाजाराच्या घसरणीशी ताडून पाहायचा असतो. निफ्टी जेवढा पडला त्याच्या दीडपट ते अडीचपट शेअर पडला तर ते समजण्यासारखं आहे. निफ्टी १० टक्के उतरला आणि शेअर २२ टक्के, तर ठीक. निफ्टी १० टक्के उतरला आणि शेअर ४०, तर त्या कंपनीत काहीतरी बिघडलं आहे आणि कोणाला तरी ते आपल्याआधी कळलं आहे. उलट मोठ्या पडझडीत नियम सैल करावा लागतो. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,४३० पर्यंत गेला होता, २४ मार्चला तो ७,५११ पर्यंत आला, म्हणजे जवळपास ४० टक्के. अशा वेळी चांगल्या कंपन्यांचे शेअरही ४०-५० टक्के पडतात आणि तरी पुढं त्यांचे कप टिकू शकतात. अडीचपटीचा नियम तिथं लावायचा नाही, ५० टक्के ही शेवटची मर्यादा धरायची. तुमच्या शेअरची ४३ टक्के घसरण अशा महापडझडीतली आहे का, हे एका भागाकारात कळेल. शेअर ४१२ ला असतानाचा निफ्टी आणि २३६ ला असतानाचा निफ्टी काढा. निफ्टी १७ टक्क्यांहून कमी पडला असेल तर ४३ टक्के हे अडीचपटीच्या बाहेरचं आहे.

वेळेचा नियम बहुतेक जण तुमच्यासारखाच वाचतात: किमान सात आठवडे. त्याची वरची हद्द ६५ आठवडे आहे, पण बहुतांश चांगले कप तीन ते सहा महिन्यांत बनतात. सात आठवडे ही दाराची चौकट आहे, त्याच्या आत आलं म्हणजे काम झालं असं नाही. एवढा वेळ का लागतो? म्युच्युअल फंडासारख्या मोठ्या घेणाऱ्याला काही लाख शेअर हवे असतात. ते एका आठवड्यात घ्यायला गेला तर भाव त्याच्याच खरेदीनं वर पळेल. म्हणून तो तळाजवळ रोज थोडं थोडं घेत राहतो आणि त्याच काळात कंटाळलेले लोक विकून निघून जातात. मालाचे हात असे बदलतात, आणि चार्टवर त्याची खूण म्हणजे कपाचा गोल, पसरट तळ. तुमच्या शेअरला तळच नव्हता. तीन आठवडे सरळ खाली, चार आठवडे सरळ वर, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षर. अडकलेल्यांना कंटाळायला आणि मोठ्यांना माल गोळा करायला त्यात उसंतच मिळाली नाही. एकूण काळ मोजताना तळाशी किती आठवडे गेले तेही वेगळं मोजत जा. खालच्या एक-तृतीयांश भागात निदान तीन-चार आठवडे गेलेले दिसले पाहिजेत. हा माझा अंदाजाचा आकडा आहे, पण तो लावला तर बरेचसे व्ही गळून पडतात.

हँडलवर थोडं जास्त थांबतो, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात बोलकी गोष्ट तिथं आहे. तुम्ही लिहिलंय, सात दिवस हळूहळू वर सरकत होता. हँडल वर सरकायला नको, किंचित खाली कललेलं असायला हवं. शेअर काठाजवळ आला की तळाला घेतलेले थोडा नफा काढतात, वरचे अडकलेले सुटतात, आणि नुकतेच उत्साहात घुसलेले घाबरून निघतात. या विक्रीनं भाव पाच-दहा टक्के खाली येतो आणि मग व्हॉल्यूम आटतो. विकणारे संपले, हे त्या आटलेल्या व्हॉल्यूमवरून कळतं. वर सरकणाऱ्या हँडलमध्ये ही परीक्षाच झालेली नसते. कच्चे हात अजून आतच असतात आणि पहिल्या धक्क्याला ते एकदम दाराकडं धावतात. तुमच्याकडं सहा दिवसांत ४५ रुपये गेले ते याच धावपळीत.

हँडलची मापं सांगायची तर निदान एक आठवडा, साधारण एक ते चार आठवडे. खोली हँडलच्याच वरच्या टोकापासून ८ ते १२ टक्क्यांच्या आत. आणि ते कपाच्या वरच्या अर्ध्यात हवं. तुमचा कप ३४५ पासून मोजला तर त्याचा मध्य २९० येतो आणि हँडल ऐटीत वर बसलेलं दिसतं. ४१२ पासून मोजला तर मध्य ३२४, आणि तुमचं ३२९ ते ३४१ चं हँडल त्याला जेमतेम चिकटलेलं. काठ एकदा चुकला की खोली, मध्य, हँडल सगळंच खोटं बरोबर दिसायला लागतं.

पण काठ बरोबर धरला असता तरी एक फसगत राहतेच, आणि मंदीच्या बाजारात तीच सगळ्यात जास्त लोकांना खाते. निफ्टी तळातून आठ टक्के वर आला म्हणून तुम्हाला धीर आला. आपल्याकडं विहिरीत पाणी दोन तऱ्हेनं वाढतं. एक तर तिचा स्वतःचा झरा फुटतो, नाहीतर नाल्याला पूर आला की काठावरच्या वावरातल्या सगळ्याच विहिरी तुडुंब होतात. पूर उतरला की झरा नसलेली विहीर चार दिवसांत पहिल्या पातळीला जाते. पडत्या बाजारात निफ्टी मधून मधून पाच-सात-आठ टक्क्यांची उसळी घेतो. त्या उसळीत शेकडो शेअरचे उजवे काठ एकाच पंधरवड्यात तयार होतात आणि चार्ट पाहणाऱ्याला जिकडं तिकडं कप दिसू लागतात. जे शेअर जास्त आपटले होते ते जास्त उसळतात, कारण वायद्यात आधी विकून ठेवलेले लोक घाईनं परत घेत असतात. ती खरेदी एकदा झाली की संपते, तिच्यामागं कोणी उभं नसतं.

सप्टेंबर २०२४ च्या शेवटी निफ्टी २६,२७७ पर्यंत गेला होता. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो २३,३०० च्या आसपास आला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत २४,८०० च्या आसपास. दोनच आठवड्यांत साडेसहा टक्के. तेव्हा तो २०० दिवसांच्या सरासरीच्या वरही गेला होता, त्यामुळं फक्त 'निफ्टी २०० च्या वर असेल तरच घ्या' एवढा नियम पाळणाराही निश्चिंत झाला असता. पण आधीचं शिखर २६,२७७ होतं आणि ही उसळी त्याच्या बरीच खाली थांबली होती. पुढं ७ एप्रिल २०२५ ला निफ्टी २१,७४३ पर्यंत उतरला. म्हणून सरासरीसोबत हेही पाहायचं, की निफ्टीनं आपलं शेवटचं शिखर ओलांडलं आहे का, की शिखरं एकेक पायरी खाली येत आहेत. पायऱ्या खाली जात असतील तर कप कितीही सुबक असो, अर्धी रक्कम किंवा शून्य.

झरा आहे की पूर, हे तपासायला एक साधा भागाकार पुरतो. शेअरचा भाव भागिले निफ्टी. डाव्या काठाला एकदा, तळाला एकदा, उजव्या काठाला एकदा. ट्रेडिंगव्ह्यूवर सर्चच्या जागी असं टाकलं की त्याची रेषाच दिसते. SYMBOL च्या जागी शेअरचं चिन्ह घाला:

```
NSE:SYMBOL/NSE:NIFTY
```

उजव्या काठाला ही रेषा डाव्या काठापेक्षा वर असली पाहिजे. शेअर जुन्या भावाला पोचला आणि निफ्टी अजून मागंच आहे, असा त्याचा अर्थ होतो. तेव्हा समजायचं, की पाणी आतून येतंय.

एक पूर्ण उदाहरण आकड्यांनिशी पाहू. कंपनी काल्पनिक धरा. शेअर आठ महिन्यांत १८० वरून ३०० ला गेला, म्हणजे ६७ टक्के चढ. ३०० ला डावा काठ, तेव्हा निफ्टी २५,०००. सात आठवड्यांत शेअर २२५ वर आला, खोली बरोबर २५ टक्के. निफ्टी तोवर २२,२५० वर, म्हणजे ११ टक्के खाली. पंचवीसला अकरानं भागलं तर सव्वादोन पट, चालेल. तळाशी २२५ ते २४० च्या दरम्यान पाच आठवडे गेले. पुढच्या आठ आठवड्यांत शेअर २९४ ला आला तेव्हा निफ्टी २३,९०० होता. आता भागाकार करू आणि दशांशाचा त्रास नको म्हणून दहा हजारांनी गुणू. डाव्या काठाला १२०, तळाला १०१, उजव्या काठाला १२३. निफ्टी अजून चार टक्क्यांहून जास्त मागं आहे आणि शेअर काठाला पोचला. मग दोन आठवडे हँडल, २९४ वरून २७६ पर्यंत, म्हणजे सहा टक्के. कपाचा मध्य २६२.५०, हँडलचा तळ त्याच्या वर. रोजचा सरासरी व्हॉल्यूम चार लाख असताना हँडलच्या शेवटच्या दिवसांत तो दोन लाखांच्या खाली गेला.

इथं मंदीच्या बाजाराची एक बारीक गोम आहे. अशा बाजारात हँडलचा व्हॉल्यूम आटलेला दिसतोच, कारण कोणाला रसच नसतो. त्यामुळं आटलेला व्हॉल्यूम एकट्यानं काही सिद्ध करत नाही. उजवी बाजू चढताना ज्या आठवड्यांत शेअर वर गेला त्या आठवड्यांचा व्हॉल्यूम, खाली गेलेल्या आठवड्यांपेक्षा ठळकपणे मोठा होता का, हे त्याच्या जोडीला पाहायचं. उजवी बाजू पोकळ आणि हँडलही पोकळ, असं असेल तर सोडून द्या.

उदाहरणातल्या शेअरची खरेदी २९४ च्या थोडी वर, पण व्हॉल्यूम सरासरीच्या निदान ४० ते ५० टक्के जास्त असेल तरच. म्हणजे चार लाखांच्या जागी साडेपाच-सहा लाख. आणि नेमकं याच ठिकाणी जीटीटीनं तुम्हाला दगा दिला. जीटीटीला फक्त भाव दिसतो, व्हॉल्यूम दिसत नाही. सकाळी सव्वानऊला उघडल्या उघडल्या भाव क्षणभर वर टेकला की ती लागते. पडत्या बाजारात असे सकाळचे ब्रेकआउट दुपारपर्यंत परत फिरणं नेहमीचं आहे. तुमचाही ३४९ दाखवून ३३९ ला बंद झाला, म्हणजे हँडलच्या ३४१ च्या खाली. पहिल्याच संध्याकाळी ब्रेकआउट झालाच नव्हता हे चार्टवर लिहिलेलं होतं. म्हणून खरेदी जीटीटीवर सोडू नका. दुपारी सव्वातीनला पाहा: भाव हँडलच्या वर टिकून आहे का, आणि तोवर झालेला व्हॉल्यूम ५० दिवसांच्या सरासरीच्या दीडपटीजवळ पोचला आहे का. दोन्ही असेल तर साडेतीनच्या आत घ्या. त्या वेळी वावरात असाल, रेंज नसेल, तर संध्याकाळी बंद भाव आणि व्हॉल्यूम पाहून दुसऱ्या दिवशी घ्या. भाव हँडलच्या टोकापासून पाच टक्क्यांच्या वर गेला असेल, म्हणजे उदाहरणात ३०८ च्या पुढं, तर तो शेअर गेला असं समजून दुसरा पाहा.

विक्रीसाठी मात्र जीटीटी हवीच, आणि घेतल्याच्या मिनिटाला. २९६ ला घेतला तर स्टॉपलॉस हँडलच्या तळाच्या एक रुपया खाली, २७५. म्हणजे शेअरमागं धोका २१ रुपये, सात टक्के. तुमचं भांडवल एक लाख असेल आणि एका सौद्यात एक टक्का, हजार रुपयेच गमवायचे ठरवले असतील, तर हजार भागिले एकवीस, ४७ शेअर. जवळपास चौदा हजारांची खरेदी. तुम्ही ३४,३०० ची केली आणि स्टॉपलॉसचा उल्लेख पत्रात कुठंच नाही. जीटीटी लावताना ट्रिगर २७५ आणि विक्रीचा भावही २७५ असं टाकू नका. शेअर सकाळी एकदम २६८ ला उघडला तर तुमची ऑर्डर २७५ ला घेणारा शोधत लटकत राहील आणि भाव खाली निघून जाईल. विक्रीचा भाव ट्रिगरच्या चार-पाच टक्के खाली ठेवा. विक्री होते ती त्या क्षणी मिळणाऱ्या चांगल्यात चांगल्या भावालाच, खालचा आकडा फक्त हद्द असतो. बाजार कमजोर असेल तर स्टॉपलॉसचीही वाट पाहायची गरज नाही. घेतल्यापासून पाच-सात दिवसांत शेअर परत हँडलच्या आत बंद झाला, आणि तेही वाढत्या व्हॉल्यूमनं, तर तिथंच बाहेर पडा. खरा ब्रेकआउट कधीकधी परत येऊन हँडलच्या टोकाला शिवतो, पण तेव्हा व्हॉल्यूम कमी असतो.

दोन फसवे आकार झटक्यात सांगून टाकतो. ज्या शेअरला पाच टक्क्यांचं सर्किट आहे, म्हणजे दिवसात त्याहून जास्त वर-खाली जाऊ देत नाहीत, त्याच्या चार्टवर कप शोधू नका. अप्पर सर्किटला घेणारा असतो पण विकणारा नसतो, त्यामुळं व्हॉल्यूमवरून काही कळत नाही, आणि लोअर सर्किटला तुमचा स्टॉपलॉस लागतच नाही. दुसरं, बोनस किंवा स्प्लिट झालेला शेअर असेल तर चार्टचे जुने भाव त्याप्रमाणे बदललेले आहेत का ते पाहा, नाहीतर पन्नास टक्क्यांची खोटी दरड कपाची डावी बाजू म्हणून मोजली जाते.

आता तुमच्या शंभर शेअरचं. ३४३ ची वाट पाहू नका. ज्या कारणानं घेतले ते कारण उरलेलं नाही, आणि वाट पाहत बसलात तर ३४३ ला विकायला उभ्या असलेल्या रांगेत आणखी एक माणूस वाढेल. ४,५०० रुपयांचा तोटा घेऊन मोकळे व्हा. यातले पैसे जूनच्या बियाण्या-खतासाठी ठेवलेले असतील तर एक दिवसही थांबू नका. शेअरमधून काढलेली रक्कम बँकेत यायला सुट्या धरून दोन-तीन दिवस जातात आणि पाऊस तेवढं थांबत नाही.

शेअरचं नाव मात्र वहीत राहू द्या. तो २३६ च्या वर राहून तीन-चार महिने पसरट तळ बनवेल, मग ३८० ते ४१० च्या पट्ट्यात खाली कललेलं हँडल देईल, आणि त्या दिवशी शेअर भागिले निफ्टीचा आकडा ४१२ च्या दिवशीपेक्षा मोठा असेल, तर तो पुन्हा पाहण्यासारखा होईल. तेव्हाही खोली ४३ टक्केच मोजायची, त्यामुळं रक्कम नेहमीच्या निम्मी. उदाहरणातल्या हिशेबानं धोका एक टक्क्याऐवजी अर्धा टक्का, एका लाखावर पाचशे रुपये.